शेवटची ऑर्डर अकराला आणि सुट्टीही अकराला? किचनची नोकरी घेण्याआधी रोस्टर वाचायला शिका

मुलाखतीत ‘ड्यूटी किती तासांची?’ असं विचारलं की पुण्यातल्या बहुतेक हॉटेलांत आणि रेस्टॉरंटांत एकच उत्तर मिळतं: नऊ तास. हे उत्तर खोटं नसतं, अर्धवट असतं. म्हणून प्रश्नच जरा बदलून विचारा. ‘रात्री शेवटची ऑर्डर किती वाजता घेता? आणि त्या शिफ्टचा आउट टाइम किती?’ दोन्हींचं उत्तर अकरा आलं, तर त्या किचनमधून रोज सव्वाबाराला बाहेर पडाल हे समजून चाला.

अकराला शेवटची ऑर्डर घेतली म्हणजे काय होतं ते इंडियन सेक्शनमध्ये उभं राहून बघू. अकराला केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, किचनमध्ये छापली जाते. स्टार्टर, मग मेन कोर्स, रोट्या असं करत त्या टेबलाचं शेवटचं ताट पासवरून, म्हणजे तयार ताटं बाहेर द्यायच्या काउंटरवरून, जायला अकरा पंचवीस होतात. त्यानंतर खरं क्लोजिंग सुरू. टोपात दहा-बारा लिटर मखनी ग्रेव्ही उरलेली असते. ती तशीच खोल टोपात कूलरमध्ये ढकलली तर वरून गार वाटते, पण मधला गाभा पहाटेपर्यंत कोमट राहतो आणि सकाळी ग्रेव्हीला आंबूस वास येतो. म्हणून ती दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये ओतायची, ट्रे बर्फाच्या पाण्यावर ठेवायचे, मधूनमधून हलवायचे. नियम असा की 60 अंशांवरून 21 पर्यंत दोन तासांच्या आत आणि तिथून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवं. मोठ्या हॉटेलात ब्लास्ट चिलर असतो, तिथे हे काम लवकर उरकतं. मग प्रत्येक डब्याला लेबल: पदार्थाचं नाव, बनवल्याची तारीख आणि वेळ, कधीपर्यंत वापरायचं, कोणी बनवलं. त्यानंतर चिरलेलं सामान लहान भांड्यांत, रेंज घासणं, तंदूर झाकणं, कूलरच्या तापमानाची नोंद, उद्याचा इंडेंट लिहिणं, म्हणजे स्टोअरमधून काय किती हवं ते. कपडे बदलून पंच मारेपर्यंत सव्वाबारा.

म्हणजे रोजचा सव्वा तास. महिन्याच्या 26 दिवसांत साडेबत्तीस तास. नऊ तासांच्या हिशेबाने हे साडेतीन दिवसांचं काम झालं, आणि ते पगारात कुठेच दिसत नाही.

आता उलट बाजू. ज्या किचनने क्लोजिंगसाठी शिफ्टमध्येच वेळ ठेवलाय, म्हणजे शेवटची ऑर्डर पावणेअकराला आणि आउट टाइम बाराला, तिथे ग्रेव्ही नीट गार होते, लेबलं लागतात, आणि नवीन माणसाला ती लावायला कोणीतरी शिकवतं. जिथे वेळच नाही तिथे टोप तसाच आत जातो आणि शिकणाराही तेच शिकतो. तास आणि प्रशिक्षण वेगवेगळे मोजता येत नाहीत ते यामुळे.

भिंतीवरचा कागद

शेफच्या केबिनबाहेर किंवा टाइम ऑफिसशेजारी एक कागद चिकटवलेला असतो: आठवड्याचा ड्यूटी रोस्टर. हल्ली तो व्हॉट्सॲप ग्रुपवरही येतो, पण भिंतीवरची प्रत बहुतेक ठिकाणी असतेच. ट्रायलला किंवा मुलाखतीला आत गेलात की तो वाचा. फोटो काढू नका, ते कोणालाच आवडत नाही. दोन मिनिटं उभं राहून वाचलं तर कोणी हरकत घेत नाही.

त्यावर डावीकडे नाव, मग हुद्दा, सेक्शन आणि पुढे सात दिवसांचे सात रकाने असतात. रकान्यांत अक्षरं: एम म्हणजे सकाळ, ए म्हणजे दुपार ते रात्र, एन म्हणजे नाईट, बीएस म्हणजे ब्रेक शिफ्ट, डब्ल्यूओ म्हणजे साप्ताहिक सुट्टी, सीओ म्हणजे कॉम्प-ऑफ, सुट्टीच्या दिवशी काम केल्याची बदली सुट्टी. प्रत्येक ठिकाणची अक्षरं थोडी वेगळी, रीत एकच.

आधी डब्ल्यूओ मोजा. प्रत्येक नावापुढे एक हवाच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला जास्तीत जास्त 48 तास काम, एक साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर असं ठरवून दिलेलं आहे. छापील कागदावर डब्ल्यूओ असेलच. बघायचं ते हे की पेनाने खोडून त्यावर ‘ए’ किती ठिकाणी लिहिलंय. एखादं खोडलेलं असणं स्वाभाविक आहे, कोणीतरी आजारी पडतंच. चौदा नावांत पाच ठिकाणी खोडलं असेल, तर तिथे माणसं कमी आहेत आणि सुट्टी ही फक्त छापायची गोष्ट आहे.

मग एकाच माणसाच्या ओळीत ‘ए’च्या लगेच पुढे ‘एम’ आहे का ते बघा. म्हणजे रात्री सव्वाबाराला क्लोजिंग करून गेलेला माणूस ब्रेकफास्टला सकाळी सहाला परत उभा. घरी जायला-यायला अर्धा-अर्धा तास धरला तर झोप जेमतेम साडेचार तास. असा माणूस सकाळी स्लायसरवर किंवा उकळत्या तेलाजवळ काम करतो. महिन्यातून एखाद्या वेळी ठीक. रोस्टरवर दर आठवड्याला दिसत असेल तर रोस्टर बनवणाऱ्याचं लक्ष नाही किंवा त्याच्याकडे पर्याय नाही.

एक गोष्ट मात्र रोस्टरवर दिसत नाही. काही ठिकाणी नऊ तास झाले की ‘पंच आउट करून परत या’ असं सांगतात. मशीनमधली हजेरी कायद्यात बसते, माणूस मात्र आतच. हे ओळखायचं तर ट्रायलच्या दिवशी आउट टाइमच्या सुमारास पंचिंग मशीनकडे लक्ष ठेवा. युनिफॉर्मवरच रांगेने पंच मारून मंडळी लॉकर रूमकडे न जाता किचनकडे वळत असतील, तर काय ते समजलं.

रोस्टर कोणत्या महिन्याचा आहे यालाही अर्थ आहे. चातुर्मासात लग्नं नाहीत, श्रावणात मांसाहारी जेवणाचा खप उतरतो. ऑगस्टमध्ये बँक्वेट किचन इतकं निवांत असतं की कोणालाही तिथे नोकरी करावीशी वाटेल. तुळशीचं लग्न लागलं की चित्र पालटतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये मुलाखत असेल तर तिथल्या एखाद्या कमीला, म्हणजे खालच्या पायरीवरच्या कुकला, विचारा की मागच्या डिसेंबरात आणि मे महिन्यात किती सुट्ट्या मिळाल्या, आणि रद्द झालेल्यांचे कॉम्प-ऑफ पुढे खरंच मिळाले का. कॉम्प-ऑफला बहुतेक ठिकाणी मुदत असते. मुदतीत मिळाला नाही तर तो बुडतो. भागाप्रमाणेही फरक पडतो. हिंजवडीच्या बिझनेस हॉटेलांत सोमवार ते गुरुवार धावपळ आणि शनिवार-रविवार त्या मानाने शांत. कोरेगाव पार्क किंवा बाणेरच्या रेस्टॉरंटांत नेमकं उलटं. ट्रायल द्यायची तर गर्दीच्या दिवशी द्या. मंगळवारी कोरेगाव पार्कमध्ये दिलेल्या ट्रायलवरून शनिवारची कल्पना येत नाही.

हुद्द्याचा रकाना

आता त्याच कागदावरचा दुसरा रकाना. किचनची शिडी अशी: ट्रेनी, मग कमी थ्री, कमी टू, कमी वन, त्यावर डीसीडीपी म्हणजे डेमी शेफ द पार्टी, मग सीडीपी, ज्युनिअर सू शेफ, सू शेफ, एक्झिक्युटिव्ह सू शेफ आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह शेफ. ‘कमी’ हा फ्रेंच शब्द आहे, मराठीतल्या ‘कमी’शी त्याचा काही संबंध नाही, पगार पाहून तसं वाटलं तर तो योगायोग. सीडीपी हा एका सेक्शनचा मालक, डीसीडीपी त्याच्या गैरहजेरीत सेक्शन चालवणारा.

या शिडीवरच्या सगळ्या पायऱ्या सारख्या नाहीत. थ्रीवरून टू आणि टूवरून वन हे बरंचसं वेळेवर आणि कामावर होतं. कमी वनवरून डीसीडीपी मात्र जागा रिकामी झाली तरच होतं, कारण एका सेक्शनला एक-दोनच डीसीडीपी मंजूर असतात. इथेच माणसं अडकतात.

समजा रोस्टरवर इंडियन सेक्शनची चौदा नावं आहेत: एक सीडीपी, एक डीसीडीपी, तीन कमी वन, चार कमी टू आणि पाच ट्रेनी. तुम्ही कमी थ्री म्हणून जाणार. डीसीडीपीची जागा एकच, आणि ती दोन वर्षांनी एकदा रिकामी होते असं धरू. तिच्यासाठी तीन कमी वन आधीच उभे आहेत, त्यांच्यामागे चार कमी टू. यातले निम्मे दुसरीकडे निघून गेले तरी तुमच्या पुढे तीन-चार जण उरतात, म्हणजे त्याच सेक्शनमध्ये राहिलात तर सहा ते आठ वर्षं. म्हणून ‘प्रमोशन कधी मिळेल?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘चांगलं काम केलंत तर लवकर’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा, ‘आत्ताचे डीसीडीपी आणि सीडीपी इथेच वाढलेत की बाहेरून आलेत?’ चारपैकी तीन इथेच कमी म्हणून लागले असतील तर दार उघडं आहे. सगळे बाहेरून आले असतील तर तिथे दोन वर्षं शिकून बाहेर पडायचं हे आधीच ठरवून जा. त्यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं.

त्याच रोस्टरवर पाच ट्रेनींना सीडीपी आणि डीसीडीपी मिळून शिकवणारे दोनच. त्यातला एक रोज सुट्टीवर किंवा दुसऱ्या शिफ्टला. म्हणजे प्रत्यक्षात पाचांमागे एक माणूस, आणि तोही सर्व्हिसच्या वेळी पासवर. अशा ठिकाणी ट्रेनी शिकतात ते एकमेकांकडून, आणि चुकाही एकमेकांच्याच उचलतात. ट्रेनी आणि अप्रेंटिस मिळून एकतृतीयांशापेक्षा जास्त असतील तर ते शिकायला घेतलेले नाहीत, माणसं भरायला घेतलेले आहेत. आमचं हे प्रमाण अनुभवाचं आहे, कुठल्या नियमातलं नाही.

शेवटचं, नावं आणि सेक्शन जुळवून बघा. शक्य असेल तर दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दोन रोस्टर पाहा, किंवा एखाद्या कमी टूला विचारा की आल्यापासून कोणकोणते सेक्शन केले. वर्षभर एकच माणूस गार्ड मांजेमध्ये, म्हणजे थंड पदार्थांच्या सेक्शनमध्ये, सॅलड लावत असेल तर रोटेशन फक्त ब्रोशरमध्ये आहे. पण रोटेशन फार भरभर असणंही बरं नाही. दर पंधरा दिवसांनी सेक्शन बदलला तर सगळीकडे फक्त सोलणं-चिरणंच वाट्याला येतं. एका सेक्शनमध्ये तीन ते चार महिने हा बरा अवधी: पहिला महिना मीझ, म्हणजे सर्व्हिसआधीची तयारी, दुसरा महिना कोणाच्या तरी हाताखाली, तिसऱ्यात एक-दोन पदार्थ स्वतःच्या जबाबदारीवर.

पाउच कापायचे की ग्रेव्ही बनवायची

रेस्टॉरंटांच्या बाबतीत रोस्टरपेक्षाही मोठा एक प्रश्न आहे. ज्यांच्या शहरभर चार-सहा शाखा आहेत त्यातले बरेच जण एक बेस किचन चालवतात. ग्रेव्ही, मॅरिनेशन, सॉस, कणकेचे गोळे तिथे बनतात आणि पाउचमध्ये भरून शाखांवर जातात. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे: चव सगळीकडे सारखी आणि शाखेत माणसं कमी लागतात. शाखेत लागलेल्या कमीला मात्र पाउच कापणं, गरम करणं, वरून बटर आणि क्रीम सोडणं एवढंच येतं. दोन वर्षांनी दुसरीकडे ट्रायलला ‘कांदा-टोमॅटोपासून कढाई ग्रेव्ही करा’ म्हटलं की हात थांबतो.

हे ओळखणं सोपं आहे. सकाळी अकराच्या सुमारास किचनमध्ये मोठ्या टोपात काहीतरी शिजत असायला हवं. काजू भिजलेले दिसायला हवेत, खडा मसाला भाजल्याचा वास यायला हवा, कॉन्टिनेन्टल असेल तर मंद आचेवर स्टॉक. अकराला सगळं चकाचक आणि टोप रिकामे, तर माल बाहेरून येतो. अशा ठिकाणी नोकरी घ्यायचीच असेल तर बेस किचनमध्येच लावा असं सांगून बघा. तिथे झगमगाट नाही, पाहुणे दिसत नाहीत, पण सकाळची सरळ शिफ्ट असते आणि मूळ काम तिथेच शिकायला मिळतं. डिग्री घेतलेली मुलं हे सहसा मागत नाहीत, म्हणून मागितलं की बऱ्याचदा मिळतं.

जिथे ग्रेव्ही आतच बनते तिथे पुढचा प्रश्न असा की कशी. काउंटरवर वजनकाटा आहे का आणि रेसिपी कार्ड लावलेलं आहे का ते बघा. वजनकाटा खोक्यात असेल तर कार्ड शोभेचं. पण काटा नसला की शिक्षण नाहीच असंही नव्हे. पुण्यातल्या इंडियन आणि तंदूर सेक्शनमध्ये बरेच उस्ताद गढवाल, उत्तर प्रदेश, बंगालकडचे, हाताच्या अंदाजाने काम करणारे. त्यांच्यासारखी चव कार्डावरून येत नाही. शिकायची युक्ती एवढीच की उस्तादांनी टोपात टाकण्याआधी त्यांच्या मुठीतलं तिखट किंवा मीठ वाटीत घेऊन तोलायचं, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि वहीत टोपाच्या लिटरशेजारी लिहायचं. तीन आकडे जवळजवळ सारखे येतात आणि तोच तुमचा कार्ड होतो. अर्थात आधी परवानगी मागा; मागितली की बहुतेक उस्ताद हसून देतात.

शिकवणारं किचन आणि राबवणारं किचन यातला फरक कांद्यावरूनही कळतो. दोन्हीकडे नवा माणूस पहिले दोन महिने कांदाच चिरतो. राबवणाऱ्या ठिकाणी तो एवढंच सांगू शकतो की रोज दहा किलो चिरतो. शिकवणाऱ्या ठिकाणी त्याला माहीत असतं की सोललेल्या दहा किलो कांद्याचा तळून दोन ते अडीच किलोच बिरिस्ता उरतो, आज तो कमी का भरला, पावसाळ्यातला ओला कांदा तळायला जास्त वेळ आणि जास्त तेल का खातो, आणि त्यामुळे उद्याच्या इंडेंटमध्ये किती किलो जास्त मागवायचा. कमी वनचा डीसीडीपी होताना नेमकं हेच विचारतात. स्वयंपाक तोवर सगळ्यांनाच आलेला असतो.

दोन ऑफर, एक हिशेब

धायरीत राहणारी, नुकतीच बीएचएमसीटी झालेली एक मुलगी धरू. हातात दोन ऑफर. आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, बाजारभाव म्हणून नाहीत.

पहिली, मोठ्या हॉटेलात कमी थ्री. एकूण पगार 17,800, त्यात बेसिक 12,000. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयसीचे पाऊण टक्का म्हणजे 134 कापून हातात साधारण 16,200. व्यवसाय कराचे 200 पुरुषाच्या पगारातून जातात. 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. सरळ शिफ्ट, रोज प्रत्यक्ष साडेदहा तास, महिन्याला 26 दिवस. म्हणजे 273 तास, आणि तासाला सुमारे 59 रुपये.

दुसरी, कोरेगाव पार्कातल्या रेस्टॉरंटात कमी टू, हातात 22,000, पीएफ नाही. शिफ्ट ब्रेकची: सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन आणि संध्याकाळी साडेसहा ते रात्री बारा. कामाचे तास इथेही साडेदहाच. महिन्यातून दोन सुट्ट्या हमखास रद्द होतात, म्हणून 28 दिवस, 294 तास, आणि तासाला सुमारे 75 रुपये. इथवर दुसरी ऑफर सरळ वरचढ.

आता ब्रेकचे तीन तास घ्या. जवळ राहणारा घरी जाऊन झोप काढतो. कोरेगाव पार्क ते धायरी पंधरा-सोळा किलोमीटर, दुचाकीवर पाऊण ते एक तास. जाऊन येण्यातच दोन तास आणि पेट्रोल. म्हणजे ती जाणार नाही, लॉकर रूममध्ये किंवा जवळच्या कॅफेत बसून राहणार. तिच्यासाठी दिवस साडेतेरा तासांचा. 28 गुणिले साडेतेरा म्हणजे 378 तास, आणि 22,000 भागिले 378 केलं की तासाला 58 रुपये. दोन्ही ऑफर एका पातळीवर आल्या.

पहिल्या ऑफरमध्ये पीएफचे तिचे 1,440 बुडत नाहीत आणि तेवढेच मालक घालतो, ज्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. दर महिन्याला 2,880 बाजूला पडतात. ते धरले तर तिथे तासाला 70 रुपये होतात. ईएसआयसीची मर्यादा 21,000 पगाराची, म्हणजे दुसऱ्या ऑफरमध्ये ती थोडक्यात बाहेर पडते आणि भाजण्या-कापण्याच्या या कामात तिला विमाच राहत नाही. तिथे मेडिक्लेम आहे का हे विचारायलाच हवं. आणि रात्री बाराचा प्रश्न. त्याच 2017 च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं आणि सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन ही मालकाची जबाबदारी असते. ‘ड्रॉप आहे’ एवढ्यावर थांबू नका. गाडी किती वाजता निघते आणि धायरीपर्यंत येते की स्वारगेटला सोडते, ते विचारा.

दुसरी ऑफर देणारे म्हणतील, ‘सर्व्हिस चार्जमधून वरचे तीन-चार हजार मिळतात.’ ते पगारात धरू नका. जुलै 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. मिळाला तर वरकमाई.

राहिला हुद्दा. रेस्टॉरंटने थेट कमी टू दिलंय, आणि पाच माणसांच्या किचनमध्ये तीन वर्षांत सू शेफही होता येतं. पण पुढे मोठ्या हॉटेलात अर्ज केला की ते हुद्दा बघत नाहीत, किती कव्हर्स, म्हणजे किती पाहुण्यांचं जेवण, आणि हाताखालची किती माणसं सांभाळली ते विचारतात, आणि सरळ दोन पायऱ्या खाली बसवतात. उलट हॉटेलातला कमी वन बाहेर नव्या रेस्टॉरंटात डीसीडीपी म्हणून सहज लागतो. आधी हॉटेल, मग रेस्टॉरंट हा रस्ता म्हणून सोपा जातो. उलटा रस्ता बंद नाही, चढाचा आहे. याला अपवाद आहे. स्वतःचा एखादा मेन्यू रोज बनवणारा शेफ, दहा-बारा माणसांचं किचन, सगळं आतच तयार होणारं, अशा रेस्टॉरंटात दोन वर्षांत जे हाताला येतं ते मोठ्या हॉटेलच्या बँक्वेटमध्ये चारशे माणसांचं पनीर चिरून चार वर्षांतही येत नाही.

म्हणून या मुलीने हॉटेलकडे एकच गोष्ट लेखी मागावी: पहिल्या वर्षात कोणते सेक्शन आणि प्रत्येकात किती महिने. बँक्वेटमध्येच कायम लावणार असतील, तर 59 रुपये तासाला तिथे थांबण्यात अर्थ उरत नाही. रेस्टॉरंटकडून हवं असेल तर सरळ शिफ्ट, दुपारी दोन ते बारा, आणि धायरीपर्यंत गाडी. तेवढं दिलं तर तासांचा हिशेब पुन्हा त्यांच्या बाजूने झुकतो.

ट्रायल आणि कागद

ट्रायल एका शिफ्टची असावी. ‘तीन-चार दिवस येऊन बघा’ म्हणत असतील आणि त्याचे पैसे देत नसतील, तर त्यांना शनिवार-रविवारपुरता फुकट हात हवाय.

त्या शिफ्टमध्ये स्वतःच्या कामाबरोबर दोन जागा बघा. एक स्टाफ कॅफेटेरिया: जेवण वेळेवर आणि बसून मिळतं की पासमागे उभ्याने उरकतात. दुसरी भांडी घासायची जागा. रात्री साडेदहाला तिथे एकच माणूस आणि टोपांचा ढीग दिसला, तर क्लोजिंगच्या सव्वा तासात कमींच्या हातात स्क्रबर येणार आहे आणि तो सव्वा तास दोन होणार आहे. गर्दीत एखादी डिश परत आली तर पासवरचा माणूस काय करतो तेही पाहा. जो चव घेऊन काय चुकलं ते सांगतो त्याच्याकडून शिकाल. फक्त आवाज चढवणाऱ्याकडून दोन महिन्यांत घाबरत काम करायची सवय लागते आणि चुका लपवायचीही.

नेमणूकपत्रावर हुद्दा, बेसिक आणि एकूण पगार वेगवेगळे, साप्ताहिक सुट्टी आणि कॉम्प-ऑफची मुदत लिहिलेली असावी. ट्रेनी म्हणून घेत असतील तर किती महिन्यांनी कमी थ्री, आणि तो काळ अनुभवपत्रात धरणार का, हेही. अप्रेंटिस म्हणून सही करत असाल तर तो वेगळा करार आहे: पगार नाही, स्टायपेंड, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं. मूळ मार्कशीट आणि डिग्री कोणी ‘जमा करा’ म्हटलं तर देऊ नका. पडताळणीसाठी दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत त्याच दिवशी घरी आणायची. मूळ कागद अडकले की सोडताना रिलीव्हिंग लेटरबरोबर तेही मागत फिरावं लागतं, आणि तेव्हा नव्या ठिकाणचा रुजू होण्याचा दिवस आठवड्यावर आलेला असतो.